गोषवारा आवळताना

शोधनिबंधाच्या माथ्यावर जो एक परिच्छेद असतो त्याला अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतात, मराठीत गोषवारा. बहुतेक नियतकालिके त्याला २५० शब्दांच्या आसपास जागा देतात. ‘सायन्स’सारखे साप्ताहिक तर १२५ शब्दांतच आटपा म्हणते. संपूर्ण निबंध वाचणारे मोजके असतात. बाकीचे गोषवारा वाचतात आणि पुढे जायचे की नाही ते ठरवतात. त्यामुळे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा लेखकांचे गोषवारे आवळून देणे हा आता एक व्यवसाय झाला आहे. मी तो करते. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात कृषी विद्यापीठांतल्या शेतप्रयोगांचा वाटा मोठा असतो, म्हणून उदाहरणही तिथलेच घेते.

या गोषवाऱ्यांचा एक साचा आहे. सुरुवात ‘द प्रेझेंट इन्व्हेस्टिगेशन एंटायटल्ड’ अशी होते, मग प्रबंधाचे अख्खे शीर्षक येते, मग ‘वॉज कॅरीड आउट’. पुढे प्रत्येक निष्कर्षाआधी ‘इट वॉज ऑब्झर्व्ड फ्रॉम द डेटा दॅट’. कोणी काही करत नाही, सगळे आपोआप केले जाते. शाळेतल्या प्रयोगवहीत ‘अ टेस्ट ट्यूब वॉज टेकन’ लिहिण्यापासून ही सवय लागते आणि मार्गदर्शकांच्या जुन्या प्रबंधावर बेतून लिहिताना पक्की होते. ‘वुई’ लिहिले तर अहंकारी वाटेल अशी भीतीही असते. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ सालचा निबंध ‘वुई’ या शब्दानेच सुरू होतो हे सांगितले की लेखक हसतात. पण पुढच्या मसुद्यात पुन्हा ‘वॉज कॅरीड आउट’ येतेच.

हे कर्मणी प्रयोग उलटवणे आणि फापटपसारा काढणे अवघड नाही. कुठल्याही चांगल्या व्याकरणाच्या पुस्तकाच्या आधारे ते जमते. अवघड असते ते वेगळेच. कापायचे शब्द आणि दाव्याचा भार पेलणारे शब्द दिसायला अगदी सारखे असतात. ‘इट वॉज ऑब्झर्व्ड दॅट’ काढले तर काही बिघडत नाही, ‘इट वॉज सजेस्टेड दॅट’ काढले तर अंदाजाचे विधान होऊन बसते. म्हणून मी मजकुराला हात लावण्याआधी कोऱ्या कागदावर दावे उतरवून काढते. प्रत्येक दाव्यापुढे चार गोष्टी लिहायच्या: काय आढळले, किती, कशाच्या तुलनेत आणि लेखकाला त्याची कितपत खात्री आहे. ही यादी हाताशी नसेल तर नंतर काय सांडले ते कळायला मार्ग उरत नाही.

आता एक नमुना पाहू. तो मी या लेखासाठी रचला आहे, आकडेही माझेच. पण वाक्ये साच्यातलीच आहेत. सोयाबीनला गंधकाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन उत्पादन मोजले. चार ट्रीटमेंट: टी-१ म्हणजे गंधक नाही, टी-२ म्हणजे हेक्टरी २० किलो, टी-३ म्हणजे ३०, टी-४ म्हणजे ४०. प्रत्येक ट्रीटमेंट पाच वेळा, म्हणजे एकूण वीस वाफे. पहिली दोन वाक्ये अशी: ‘द प्रेझेंट इन्व्हेस्टिगेशन एंटायटल्ड इफेक्ट ऑफ डिफरंट लेव्हल्स ऑफ सल्फर ऑन ग्रोथ अँड यील्ड ऑफ सोयाबीन वॉज कॅरीड आउट अ‍ॅट द एक्सपेरिमेंटल फार्म ड्युरिंग खरीप सीझन ऑफ द इयर २०२१. द एक्सपेरिमेंट वॉज लेड आउट इन रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन विथ फोर ट्रीटमेंट्स अँड फाइव्ह रेप्लिकेशन्स.’

इंग्रजीत हे ४५ शब्द होतात, तरी गंधक नेमके किती दिले ते वाचकाला कळत नाही. मी ते असे करीन: ‘वुई टेस्टेड फोर सल्फर रेट्स, ०, २०, ३० अँड ४० केजी/हेक्टर, ऑन सोयाबीन इन अ रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन विथ फाइव्ह रेप्लिकेशन्स अ‍ॅट वन साइट ड्युरिंग द २०२१ रेनी सीझन.’ शब्द २९, आणि मात्रा आत आल्या. ब्राझीलमधल्या वाचकाला ‘खरीप’ कळणार नाही म्हणून तो शब्द बदलला. पण वर्ष ठेवले, आणि ‘अ‍ॅट वन साइट’ तर मुद्दाम ठेवले. एका शेतावरचा एका हंगामातला प्रयोग आहे ही त्या दाव्याची मर्यादा आहे. ती कापली तर निष्कर्ष सगळ्या सोयाबीनला लागू असल्यासारखा वाचला जातो. घाईने संपादन करणारे नेमके हेच तुकडे आधी उडवतात, कारण ते तपशिलासारखे दिसतात.

पुढचे वाक्य खरे कसोटीचे: ‘इट वॉज ऑब्झर्व्ड फ्रॉम द डेटा दॅट द मॅक्सिमम सीड यील्ड वॉज रेकॉर्डेड इन ट्रीटमेंट टी-४ विच वॉज फाउंड टू बी अ‍ॅट पार विथ ट्रीटमेंट टी-३ अँड सिग्निफिकंटली सुपीरियर ओव्हर रेस्ट ऑफ द ट्रीटमेंट्स.’ समजा आतल्या तक्त्यात हेक्टरी उत्पादन टी-१ पासून अनुक्रमे १६१०, १८४०, २०५० आणि २११० किलो आहे. तक्त्याच्या तळाशी क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट सीडी म्हणतात तो, १४० दिलेला आहे. दोन सरासऱ्यांतला फरक १४० किलोंच्या वर गेला तरच पाच टक्के पातळीवर तो ‘सिग्निफिकंट’ धरायचा. टी-४ आणि टी-३ यांच्यात ६० किलोंचा फरक आहे, म्हणून ते ‘अ‍ॅट पार’. टी-३ आणि टी-२ यांच्यात २१० किलोंचा, तो खरा धरायचा.

हे वाक्य आवळताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे ‘टी-४ गेव्ह द हायेस्ट यील्ड’ एवढेच ठेवणे. सुटसुटीत आहे, खोटेही नाही, पण वाचक चाळीस किलो गंधक घालायला धावेल. दुसरी चूक उलट बाजूची: ‘अ‍ॅट पार’चा अर्थ समान असा घेऊन ‘टी-३ अँड टी-४ गेव्ह इक्वल यील्ड्स’ लिहिणे. लेखकाने समानता कधीच दाखवलेली नाही. या प्रयोगाला फरक पकडता आला नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. वीस वाफ्यांच्या प्रयोगात लहान फरक निसटू शकतो. म्हणून माझे वाक्य: ‘सीड यील्ड वॉज हायेस्ट अ‍ॅट ४० केजी/हेक्टर, २११० केजी/हेक्टर, इट डिड नॉट डिफर सिग्निफिकंटली फ्रॉम द यील्ड अ‍ॅट ३०, २०५०, बट सिग्निफिकंटली एक्सीडेड द यील्ड्स अ‍ॅट २०, १८४०, अँड ०, १६१०.’ शब्द फारसे वाचले नाहीत. पण मूळ वाक्यात एकही आकडा नव्हता. इथे चारही सरासऱ्या आल्या आणि टी-४, टी-३ ही फक्त लेखकाला कळणारी नावे गेली.

त्याच गोषवाऱ्यात तेलाच्या प्रमाणाबद्दल असे काहीसे असते: वाढता कल दिसला, पण तो ‘नॉन-सिग्निफिकंट’ होता. ‘पण’च्या पुढचा भाग शेपटासारखा लोंबतो, म्हणून कापायचा मोह होतो. तो कापला की न सापडलेली गोष्ट सापडली असे होते. तेलाचे प्रमाण उपचारांमध्ये लक्षणीय वेगळे नव्हते, असे सरळ लिहावे आणि आकडे देता आले तर द्यावेत.

कर्मणी प्रयोगाचे म्हणाल तर तो मी सगळीकडून हुसकावत नाही. पीक कोणी कापले याच्याशी वाचकाला कर्तव्य नाही. ‘प्लॉट्स वेअर हार्वेस्टेड’ उत्तम. परिच्छेद सोयाबीनबद्दल चालला असेल तर वाक्याचा कर्ता सोयाबीनच राहावा, उगाच ‘वुई’ मध्ये घुसवू नये. घातक असतो तो कर्ता लपवणारा कर्मणी. ‘इट हॅज बीन रिपोर्टेड दॅट’ हे कोणी सांगितले, इतरांनी की याच लेखकाने? मी ‘वुई फाउंड’ केले आणि शोध दुसऱ्याचा निघाला तर लेखकाला न मागितलेले श्रेय मिळेल. उलट केले तर त्याचे स्वतःचे काम दुसऱ्याच्या खात्यावर जाईल. अशा ठिकाणी अंदाज बांधायचा नसतो. समासात प्रश्न टाकायचा आणि उत्तर येईपर्यंत वाक्य तसेच ठेवायचे.

क्रियापदे सरळ करतानाही हाच धोका असतो. ‘अ‍ॅप्लिकेशन ऑफ सल्फर रिझल्टेड इन अ‍ॅन इन्क्रीज इन यील्ड’ याचे ‘सल्फर इन्क्रीज्ड यील्ड’ करायला माझी हरकत नाही, कारण इथे वाफ्यांना मात्रा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या होत्या. फरक पडला तो गंधकामुळे असे म्हणता येते. पण हाच लेखक शेतकऱ्यांचे सर्वेक्षण करून ‘यूज ऑफ सल्फर वॉज असोसिएटेड विथ हायर यील्ड’ लिहीत असेल, तर तो ‘असोसिएटेड’ लांबलचक वाटला तरी जागचा हलवायचा नाही. गंधक वापरणाऱ्यांची जमीन मुळातच चांगली असेल, त्यांच्याकडे पाणी असेल. प्रयोग कोणत्या जातीचा आहे हे पाहिल्याशिवाय क्रियापद बदलणे म्हणजे सहसंबंधाला कारण करून टाकणे, आणि असे निबंध परीक्षकाकडून परत येतात तेव्हा दोष भाषेचा नसतो.

शेवटी निष्कर्षाचे वाक्य. ‘फ्रॉम द अबव्ह फाइंडिंग्ज इट कॅन बी कन्क्लुडेड दॅट अ‍ॅप्लिकेशन ऑफ ३० केजी सल्फर पर हेक्टर मे बी रेकमेंडेड फॉर सोयाबीन.’ पहिले आठ-नऊ शब्द बिनदिक्कत जातात. अडचण ‘मे’ची आहे. इंग्रजी मातृभाषा असलेला संपादक याला शंकेचा शब्द समजतो आणि पुढे ‘फरदर ट्रायल्स आर नीडेड’ असे काही सुचवतो. लेखकाला विचारले की बहुतेकदा उत्तर येते, ‘मॅडम, शंका नाही हो, आमच्याकडे शिफारस अशीच लिहितात.’ क्वचित एखादा म्हणतो की एकच हंगाम झाला आहे, पक्के सांगवत नाही. दोन्ही उत्तरांची इंग्रजी वाक्ये वेगळी होतात. पहिल्याला ‘वुई रेकमेंड’, दुसऱ्याला ‘मे बी सफिशंट’ आणि सोबत एका हंगामाची अट.

याच वाक्यात आणखी एक फट आहे. सर्वाधिक उत्पादन चाळीस किलोला मिळाले, मग शिफारस तिसाची का? लेखकाला कारण इतके उघड वाटते की तो ते लिहीत नाही: दोन्हींत लक्षणीय फरक नाही, मग दहा किलोंचा खर्च जास्त का करा? परक्या वाचकाला मात्र ती चूक वाटेल. हे कारण मी स्वतःहून वाक्यात घालत नाही, कारण तो नवा दावा होईल. समासात लिहिते, ‘तीस किलोच का, ते चार शब्दांत सांगाल का? खर्चाचे गणित निबंधात असेल तर इथे आणू, नसेल तर फक्त फरक लक्षणीय नाही एवढेच म्हणू.’ मग दाव्यांच्या यादीचा कागद पुन्हा काढते आणि जुना मजकूर झाकून, नव्या गोषवाऱ्यातून तीच यादी नव्याने उतरवते. एखादा दावा कमी भरला तर तो परत घालायचा, एखादा जास्त निघाला तर तो माझा असतो, तो काढायचा. मगच फाइल लेखकाकडे जाते, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून.