हिनकलचे तळे, चामुंडीचे रान आणि घरांची छपरे: उपग्रहाला फरक कसा कळतो?

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याने निघाले, की पाच-सहा किलोमीटरवर रिंग रोडच्या चौकाशी हिनकल लागते. कधीकाळी ते शहराबाहेरचे गाव होते. आता विजयनगरच्या वसाहती त्याला येऊन भिडल्या आहेत. गावाचे तळे आहे, भोवती घरांच्या रांगा आहेत, मधूनमधून अजून न बांधलेले प्लॉट आणि शेताचे तुकडे आहेत. शहराच्या दुसऱ्या अंगाला चामुंडीचा डोंगर आणि त्यावरचे राखीव जंगल. पाणी, झाडी, घरे आणि मोकळी माती एवढ्या जवळजवळ असल्यामुळे उपग्रह त्यांना वेगळे कसे ओळखतो, हे समजून घ्यायला हा भाग फार सोयीचा आहे.

पहिली गोष्ट अशी, की उपग्रह झाड किंवा घर पाहत नाही. तो फक्त प्रकाश मोजतो. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून जातात. त्यांपैकी पहिला जून २०१५ मध्ये सोडला गेला. दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात आणि ही चित्रे कोणालाही फुकट मिळतात. जमिनीचे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातून वर येणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींच्या पट्ट्यांत अलग अलग मोजायचा, एवढेच त्यांचे काम. या चौकोनाला पिक्सेल म्हणतात आणि पट्ट्याला बँड. ‘हे जंगल, हे पाणी’ अशी नावे त्या आकड्यांवरून आपण देतो.

आपल्या कामाला चार बँड पुरतात. हिरवा, ५६० नॅनोमीटरच्या आसपासचा. लाल, ६६५ च्या आसपासचा. निकट अवरक्त, ८४२ च्या आसपासचा. आणि लघुतरंग अवरक्त, १६१० च्या आसपासचा. पहिले दोन आपल्या डोळ्यांना दिसतात, शेवटचे दोन दिसत नाहीत. फरक उघडा पडतो तो मुख्यतः या न दिसणाऱ्या दोन बँडांमध्ये.

तो का, हे पानापासून पाहू. पानातले हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषते आणि त्यावर अन्न बनवते. हिरवा थोडा परत जातो, म्हणून पान हिरवे दिसते. निकट अवरक्त प्रकाशाचा मात्र हरितद्रव्याला उपयोग नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांवर आपटून तो विखुरतो आणि त्याचा मोठा हिस्सा वर फेकला जातो. म्हणजे जिवंत पान लाल बँडमध्ये काळपट असते आणि निकट अवरक्तमध्ये झळझळीत. पानात पाणीही असते. ते लघुतरंग अवरक्त शोषते, म्हणून त्या बँडमध्ये पानाचा आकडा पुन्हा खाली येतो.

पाण्याचे उलट आहे. स्वच्छ पाण्यातून हिरवा प्रकाश थोडा परत येतो, पण निकट अवरक्त वरच्या थरातच जवळजवळ सगळा जिरतो आणि लघुतरंग अवरक्त त्याहूनही लवकर. काँक्रीट, विटा आणि कोरडी माती यांच्यात असा चढउतार नसतो. त्यांचा आकडा हिरव्यापासून लघुतरंग अवरक्तपर्यंत हळूहळू चढत जातो.

आता तीन पिक्सेल शेजारी ठेवू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण अशा जागांवर सहसा याच पट्टीतले आकडे मिळतात. पडलेल्या प्रकाशातला किती टक्के परत आला, ते त्यातून कळते.

चामुंडीच्या उतारावरची पावसाळ्यानंतरची दाट झाडी: हिरवा ६, लाल ४, निकट अवरक्त ३६, लघुतरंग १८.
तळ्याचे उघडे पाणी: हिरवा ६, लाल ४, निकट अवरक्त २, लघुतरंग १.
हिनकलची घरे: हिरवा १३, लाल १५, निकट अवरक्त २०, लघुतरंग २४.

पहिल्या दोन ओळी नीट पाहा. हिरव्या आणि लाल बँडमध्ये झाडी आणि पाणी अगदी सारखे आहेत, म्हणून साध्या रंगीत चित्रात दोन्ही गडद दिसतात आणि डोळा फसतो. निकट अवरक्तला मात्र एकाचा आकडा ३६ आणि दुसऱ्याचा २. एवढा फरक दिसत्या प्रकाशात कुठेच मिळत नाही.

हे आकडे थेट वापरले तर एक अडचण येते. सेंटिनेल सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. तेव्हा सूर्य पूर्वेकडे असतो आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर प्रकाश कमी पोचतो. त्याच झाडीचे सगळे आकडे तिथे समजा निम्मे झाले, तर लाल २ आणि निकट अवरक्त १८ होईल. म्हणून दोन बँडांची वजाबाकी त्यांच्याच बेरजेने भागतात. सावलीने दोन्ही आकडे सारख्या प्रमाणात घटले, तर भागाकार तोच राहतो. या गुणोत्तरांना निर्देशांक म्हणतात. नेहमी लागणारे तीन असे:

```
NDVI = (B08 - B04) / (B08 + B04)
NDWI = (B03 - B08) / (B03 + B08)
NDBI = (B11 - B08) / (B11 + B08)
```

इथे `B03` हिरवा, `B04` लाल, `B08` निकट अवरक्त आणि `B11` लघुतरंग अवरक्त. पहिला निर्देशांक हिरवाईचा, दुसरा पाण्याचा, तिसरा बांधकामाचा. उत्तर नेहमी उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये येते.

झाडीचा पहिला निर्देशांक काढू. ३६ वजा ४ म्हणजे ३२, बेरीज ४०, उत्तर ०.८०. पाण्याचा उणे ०.३३ येतो आणि घरांचा ०.१४. पाण्याच्या निर्देशांकात तळे ०.५० वर जाते, झाडी उणे ०.७१ वर, घरे उणे ०.२१ वर. बांधकामाच्या निर्देशांकात तिघांपैकी फक्त घरेच शून्याच्या वर येतात, ०.०९ वर. झाडी आणि पाणी मात्र तिथे दोन्ही उणे ०.३३ वर अडकतात. एकच निर्देशांक घेऊन चालत नाही, ते यासाठी.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी पाण्याचा निर्देशांक पाहून शून्याच्या वरचे पिक्सेल पाणी म्हणून बाजूला काढावेत. उरलेल्यांत हिरवाईचा निर्देशांक ०.५ च्या वर असेल ते दाट झाडी म्हणून घ्यावेत. त्यानंतर जे राहतात, त्यांत बांधकामाचा निर्देशांक शून्याच्या वर असलेले पिक्सेल घरांचे असण्याचा संभव मोठा. या सीमारेषा ठाम नाहीत. आपल्या ओळखीच्या जागांवर तपासून त्या थोड्या वरखाली कराव्या लागतात.

इथपर्यंत सगळे सुरळीत वाटते, पण अशा जागी तीन चुका हमखास होतात.

पहिली चूक तळ्यावर. सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यांत जलपर्णी माजते. पुणेकरांना पाषाण तलावावरून ती ठाऊक आहे. जलपर्णीचे पानही पानच. तिचा लाल ४ आणि निकट अवरक्त ४० आला, तर हिरवाईचा निर्देशांक ०.८२ होतो, म्हणजे जंगलापेक्षाही जास्त. त्या दिवशीच्या नकाशात तळे आक्रसलेले दिसेल आणि काठावर जंगल वाढल्याचा भास होईल. हे ओळखायचे तर महसुली नकाशातली किंवा जुन्या चित्रांतली तळ्याची हद्द नव्या चित्रावर ठेवावी. हद्दीच्या आत ‘जंगल’ निघाले आणि पुढच्या महिन्यांत ते जागा बदलताना दिसले, तर ती तरंगती वनस्पती. झाडे जागा बदलत नाहीत.

दुसरी चूक मातीवर. म्हैसूरकडची लाल माती नांगरून कोरडी पडली, की तिचे आकडे साधारण असे येतात: निकट अवरक्त २४, लघुतरंग ३२. बांधकामाचा निर्देशांक ०.१४, म्हणजे खऱ्या घरांहून जास्त. मार्चच्या एकाच चित्रावरून हिनकल किती वाढले हे ठरवणारा माणूस उघडी शेतेही वस्तीत मोजून बसतो. उपाय दोन तारखांचा. पावसाळा सरल्यावरचे ढग नसलेले एक चित्र घ्यावे आणि उन्हाळ्याच्या तोंडचे एक. नाचणीचे शेत पहिल्या चित्रात हिरवे आणि दुसऱ्यात लाल असेल. घर दोन्हींत तसेच राहील. चामुंडीवरच्या पानगळीच्या झाडीची हिरवाईही उन्हाळ्यात उतरते, म्हणून जंगल घटले की पाने गळाली, हेही दोन तारखांशिवाय सांगता येत नाही.

तिसरी चूक पिक्सेलच्या मापाची. म्हैसूरमध्ये ‘तीस-चाळीस’चा प्लॉट सर्वांच्या परिचयाचा आहे. तीस फूट बाय चाळीस फूट म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. सेंटिनेलचा एक पिक्सेल १०० चौरस मीटरचा. पण पिक्सेलची चौकट कुंपण पाहून पडत नाही. एका पिक्सेलमध्ये अर्धे छप्पर, थोडे परसातले नारळ आणि थोडा रस्ता असे एकत्र येते, आणि आकडा या सगळ्यांची सरासरी असतो. त्यातही लघुतरंग अवरक्त बँड वीस मीटरचा आहे, म्हणजे त्याच्या एका चौकोनात साडेतीन-चार प्लॉट मावतात. म्हणून या चित्रांवरून वसाहत कुठल्या दिशेने पसरली हे खात्रीने सांगता येते, पण एखादे घर तळ्याच्या हद्दीत आहे की नाही, हे ठरवता येत नाही.

स्वतः करून पाहणाऱ्यांसाठी एक बारीक पण महत्त्वाची बाब. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये परावर्तन दहा हजारांनी गुणून ठेवलेले असते, आणि जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत त्यात आणखी १००० मिळवलेले असतात. हे १००० आधी वजा केले नाहीत, तर तळ्याचे हिरवे ६०० ऐवजी १६०० आणि निकट अवरक्त २०० ऐवजी १२०० धरले जाते. मग पाण्याचा निर्देशांक ०.५० ऐवजी ०.१४ येतो आणि झाडीची हिरवाई ०.८० वरून ०.५३ वर घसरते. जुन्या प्रक्रियेतले २०२१ चे आणि नव्या प्रक्रियेतले २०२३ चे चित्र तसेच ताडून पाहिले, तर काहीही न घडता जंगल विरळ झाल्याचा निष्कर्ष निघेल. सगळ्या नकाशावर एकाच वेळी, सगळीकडे सारखी घट दिसली, तर दोष जमिनीत नसून गणितात आहे असे समजावे.

ही सगळी कामे QGIS या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साध्या संगणकावर होतात. आपल्या गावाचे तळे निवडा, पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्याचे अशी दोन चित्रे घ्या, तिन्ही निर्देशांक काढा. मग जिथे शंका वाटते अशा पाच-दहा जागी स्वतः जाऊन पाहून या. प्रत्यक्ष पाहणीशी ताडून न पाहिलेला उपग्रह-नकाशा हा अंदाजच असतो. तो पुरावा म्हणून कोणापुढे ठेवू नका.