औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवताना

औषधं संपत आली की आपण डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढतो, ओळखीच्या मेडिकलवाल्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि खाली लिहितो, 'दादा, हे पाठवा ना.' काम बहुतेक वेळा होऊनही जातं. पण त्या फोटोत काय काय असतं, ते एकदा नीट पाहा. पेशंटचं नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, वजन, रक्तदाब, आजाराचं नाव आणि झोपेची किंवा मनाच्या आजाराची एखादी गोळी. शेजाऱ्यांनाही सांगणार नाही अशी सगळी माहिती आपण एका बोटाने पाठवून देतो आणि तिचं काय करावं, काय करू नये, याबद्दल एक शब्दही लिहीत नाही.

मेडिकलचा नंबर बहुधा एकाच माणसाचा नसतो. काउंटरवरच्या त्या फोनला मालक, फार्मासिस्ट, हाताखालचा मुलगा असे सगळेच हात लावतात. तोच नंबर दुकानातल्या संगणकावरही जोडलेला असतो. व्हॉट्सअॅपचा संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरं. पण तो पोहोचल्यावर फोटो त्या फोनच्या गॅलरीत उतरू शकतो, आणि तिथून तो कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून जे सांगायचं ते फोटोबरोबरच सांगायला हवं.

त्या मजकुराचे दोन भाग असतात: आपल्याला काय हवं आहे, आणि या फोटोचं काय करायचं नाही. हे दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले आहेत. मागणी अर्धवट असली की दुकानातला मुलगा फोन करतो आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत मोठ्याने विचारतो, 'काकूंची झोपेची गोळी पण द्यायची का?' अक्षर लागलं नाही तर फोटो दुसऱ्या दुकानदाराला जातो. माल नसेल तर तोच फोटो होलसेलवाल्याकडे जातो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, दुकानदार आपलंच काम करत असतो. तरीही माहिती चार ठिकाणी फिरून येते. म्हणून मागणी स्पष्ट लिहिली की खासगीपणाचं निम्मं काम तिथेच होतं.

एक नमुना पाहू. मुलगी आईची औषधं मागवते आहे. चिठ्ठीवर महिन्याची चार औषधं आहेत. साखरेसाठी मेटफॉर्मिन एसआर 500, सकाळ-संध्याकाळ एकेक. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन 40, सकाळी एक. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिन 10, रात्री एक. आणि झोपेसाठी झोल्पिडेम 5, फक्त दहा दिवस. अॅटोरव्हास्टॅटिन घरात पुरेसं आहे, टेल्मिसार्टनच्या 12 गोळ्या शिल्लक आहेत. आता तिने काय लिहावं?

'नमस्कार दादा. आईच्या 3 तारखेच्या चिठ्ठीचा फोटो जोडला आहे. त्यातली फक्त ही तीन औषधं हवी आहेत:
1. मेटफॉर्मिन एसआर 500 – 60 गोळ्या
2. टेल्मिसार्टन 40, साधी – 18 गोळ्या (पाकीट फोडता येत नसेल तर 20 चालतील)
3. झोल्पिडेम 5 – 10 गोळ्या
चौथं औषध नको, घरात आहे. चिठ्ठीतल्या कंपनीचं नसेल तर बदलून देऊ नका, आधी मला कळवा. किती रुपये होतील ते सांगा. उद्या संध्याकाळी 7 वाजता मी स्वतः मूळ चिठ्ठी घेऊन येते.
हा फोटो फक्त या औषधांसाठी आहे. दुसऱ्या दुकानाला किंवा ग्रुपवर पाठवू नका. माल मागवायचा असेल तर फक्त औषधाचं नाव सांगा. औषधं दिल्यावर फोटो फोनमधून आणि संगणकावरून काढून टाका. बिलात आणि रजिस्टरमध्ये लागते तेवढी नोंद ठेवा. ऑफरचे मेसेज नकोत. काही विचारायचं असेल तर याच नंबरवर लिहा, घरच्या फोनवर नको.'

मजकूर लांब वाटेल, पण त्यातलं प्रत्येक वाक्य एकेक फोन वाचवतं. 'दोन पाकिटं' न लिहिता गोळ्यांचा आकडा लिहिला आहे, कारण पाकीट कधी 10 गोळ्यांचं असतं, कधी 14, कधी 15. आकडा काढणंही सोपं आहे. मेटफॉर्मिन रोज दोन, महिन्याच्या 60. टेल्मिसार्टन महिन्याच्या 30, त्यातून घरातल्या 12 वजा केल्या की उरल्या 18. औषधापुढची अक्षरं आणि आकडा चिठ्ठीत आहे तसाच उतरवावा. एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. तिच्या जागी साधी घेऊन चालत नाही. टेल्मिसार्टनच्या नावामागे 'एच' असला तर त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. म्हणून 'साधी' हा शब्द मुद्दाम घातला आहे.

'बदलून देऊ नका' या वाक्याला कायद्याचाही आधार आहे. आपल्याकडच्या 1945 च्या औषध नियमांनुसार शेड्यूल एचमधल्या औषधांच्या चिठ्ठीवर दुकानदाराने आपल्या मनाने दुसरं औषध द्यायचं नसतं, घटक तोच असला तरी. चिठ्ठीबद्दलही हे नियम स्पष्ट आहेत. ती लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, औषधाचं प्रमाण हवं. पुन्हा औषध द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर एकदाच औषध मिळतं. म्हणून फोटो हा औषधं काढून ठेवायला सांगण्यापुरता समजावा आणि औषधं घेताना मूळ कागद दाखवावा.

फोटोतलं काय झाकावं आणि काय झाकू नये, तेही यावरूनच ठरतं. पेशंटचं नाव-पत्ता, डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि औषधांच्या ओळी उघड्या ठेवाव्यात. मोबाइल नंबर, हॉस्पिटलचा पेशंट क्रमांक आणि वजन-रक्तदाबाच्या नोंदी खुशाल झाकाव्यात. पेशंट लहान मूल असेल तर मात्र वजन राहू द्यावं, कारण मुलांचा डोस वजनावरून ठरतो. रिपोर्ट, फाइलची इतर पानं आणि आधार कार्ड पाठवायचं कारणच नाही. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे फोटो काढण्याआधी नको तो भाग कोऱ्या कागदाच्या पट्टीने झाकणं. फोनमध्ये झाकायचं असेल तर पूर्ण काळा रंग वापरावा. पारदर्शक हायलायटरच्या खालची अक्षरं उजेड वाढवला की पुन्हा दिसू लागतात.

एकदाच उघडणारा फोटो पाठवला तर, असं काहींना वाटेल. पण औषध काढताना, बिल करताना आणि पाकिटाशी नाव ताडून बघताना फार्मासिस्टला चिठ्ठी पुन्हा पुन्हा पाहावी लागते. असा फोटो पाठवला तर तो दुसरा मागवणार किंवा आठवणीवर औषध काढणार. त्यापेक्षा साधा फोटो पाठवावा, आणि औषधं हातात पडली की आपल्याकडून 'सर्वांसाठी डिलीट' करावा. ही सोय साधारण दोन दिवसच मिळते, म्हणून ते त्याच संध्याकाळी उरकावं. गॅलरीत उतरलेली प्रत मात्र त्याने पुसली जाईलच असं नाही. ती काढायला तोंडी सांगावं लागतं.

दुकानदाराला पाळता येणार नाही अशी अट घालू नये. 'माझी कुठलीही नोंद ठेवू नका' असं लिहिलं तर तो संपूर्ण मजकूरच मनावर घेणार नाही. झोल्पिडेम शेड्यूल एच1मध्ये आहे. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं आणि ट्रॅमाडॉलही त्याच यादीत आहेत. ही यादी 1 मार्च 2014 पासून लागू आहे. त्यातलं औषध विकलं की डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं आणि औषध निरीक्षकांनी मागितलं तर दाखवावं लागतं. अँटिबायोटिक्स आणि सवय लागणारी औषधं बेताल विकली जाऊ नयेत म्हणून ही तरतूद आहे, आणि ती आपल्याच भल्याची आहे. म्हणूनच नमुन्यात 'रजिस्टरमध्ये लागते तेवढी नोंद ठेवा' असं लिहिलं आहे. नोंद कायद्याने राहते. फोटो मात्र वर्षभर गॅलरीत पडून राहण्याचं काही कारण नाही.

'ऑफरचे मेसेज नकोत' ही ओळ काहींना फटकळ वाटेल, पण ती फार कामाची आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्याच्या कलम 7 मध्ये समजावणीसाठी उदाहरण दिलं आहे तेच मुळी औषधाच्या दुकानाचं. एक बाई औषध घेते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवायला सांगून आपली माहिती देते. त्या पोचेसाठी दुकानाला ती माहिती वापरता येते. या कलमाचा गाभा असा की, ज्या कामासाठी आपण होऊन माहिती दिली त्या कामासाठी ती वापरता येते, पण आपण नकार कळवलेला नसेल तरच. म्हणजे आपण काय लिहितो आणि कशाला नाही म्हणतो, याला कायद्यातही वजन आहे.

मजकूर पोहोचला की नाही, हे उत्तरावरून ओळखता येतं. दुकानदाराने औषधं, गोळ्यांचे आकडे आणि रक्कम उलट लिहून पाठवली तर त्याने वाचलं. नुसता अंगठा किंवा 'ओके' आलं तर एकदा विचारा, 'तीनच औषधं, चौथं नको, बरोबर ना?' काउंटरवर प्रत्येक पाकिटावरचं नाव, ताकद आणि मुदत चिठ्ठीशी ताडून पाहा. आणि औषधं पिशवीत पडली की शांतपणे म्हणा, 'दादा, तेवढा फोटो काढून टाका.' बहुतेक दुकानदार समोरच काढतील. आढेवेढे घेणाऱ्या दुकानात पुढच्या वेळी फोटो पाठवू नका, चिठ्ठी हातात घेऊन जा.

चिठ्ठी दुसऱ्याची असेल, तर पाठवण्याआधी त्यांना विचारा. आई, सासरे, नवरा, कुणीही असो, आजार त्यांचा आहे. कोणतं औषध कुठल्या दुकानातून आणायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. वरचा नमुना आपल्या घरच्या औषधांप्रमाणे बदलून फोनमध्ये जपून ठेवा, आणि पुढच्या महिन्याची औषधं मागवताना तोच फोटोखाली लिहा.