शुक्रवारी पाव साडेसहाला

समजा, डोंबिवलीत एक छोटी बेकरी शुक्रवारी उघडणार आहे. माल मोजकाच: लादी पाव, खारी, नानकटाई, मावा केक. सोमवार ते रविवार इन्स्टाग्रामवर रोज एक फोटो आणि त्याखाली दोन-चार ओळी टाकायच्या आहेत. सातही दिवस 'लवकरच येत आहोत, नक्की या' असंच लिहिलं, तर लोक तिसऱ्या दिवसापासून वाचणं सोडतात. वाचणारा रोज थोडा बदलतो, म्हणून सूरही बदलावा लागतो. सोमवारी तो अनोळखी असतो. शनिवारी गिऱ्हाईक झालेला असतो.

सोमवारी फक्त कुतूहल जागवावं: 'आज भट्टी पहिल्यांदा तापवली. वास जिन्यापर्यंत गेलाय.' मंगळवारचा सूर संथ, कारागिराचा: 'खारीचं पीठ लाटायचं, घडी घालायची, गार करायचं, पुन्हा लाटायचं. घाई केली की पदर सुटत नाहीत.' बुधवारी हमखास येणाऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यावं: 'नानकटाईत अंडं नाही. मावा केकमध्ये आहे.' गुरुवारी घरगुती आमंत्रण: 'उद्या सकाळच्या चहाला पाव आमच्याकडचा.'

चूक होते ती शुक्रवारी. मालकाचं मन भरून आलेलं असतं, म्हणून तो स्वप्नाबद्दल, घरच्यांच्या साथीबद्दल लिहितो आणि पत्ता शेवटी येतो. पण फोटोखाली सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर बोट लावल्यावर उघडतो. म्हणून त्या दिवशी आधी कामाचं लिहावं: 'लादी पाव सकाळी साडेसहाला, खारी आठला. स्टेशनच्या पूर्वेला, भाजी मंडईसमोर.' आभार त्याखाली मानावेत. खाली कुणी 'कुठे आहे?', 'किती वाजता?' असं विचारू लागलं, की मजकूर फसला असं समजावं. नुसतं त्या एकाला उत्तर देऊन भागत नाही. मूळ मजकूरच दुरुस्त करावा, तशी सोय असते.

शनिवारचा मजकूर आधी लिहून ठेवू नये. पाव नऊलाच संपला आणि आधीच वेळ लावून ठेवलेला 'गरमागरम पाव तयार आहे' हा मजकूर दहाला झळकला, तर रिकाम्या हाताने परतलेल्याला तो खोटा वाटतो. काल जे घडलं तेच लिहावं: 'काल पाव नऊला संपला. नंतर आलेल्यांची माफी मागतो. आज दोन घाणे जास्त.'

रविवारी गिऱ्हाइकाचं बोलणं पुढे आणावं: 'एक आजोबा म्हणाले, खारी जरा कडक भाजा. उद्या बंद, मंगळवारपासून तसा एक ट्रे वेगळा.' आठवड्यातली सगळ्यात जोखमीची ओळ हीच. मंगळवारी आजोबा आले आणि तो ट्रे नसला, तर पुढच्या ओळी ते वाचणार नाहीत.