लिंबू की मोसंबी?

लिंबं आणि मोसंब्या वेगळ्या करणाऱ्या मॉडेलला सुरुवातीला काहीच कळत नसतं. समजा, त्याला फक्त वजन दिलं आणि त्याने अंदाजपंचे १०० ग्रॅमवर सीमा आखली. ९० ग्रॅमची लहानखुरी मोसंबी आली की ते 'लिंबू' म्हणणार. पण सोबतच्या चिठ्ठीवर 'मोसंबी' लिहिलेलं असतं. मग चूक मोजली जाते आणि सीमा जराशी खाली, ९७ वर सरकते. शेकडो फळांनंतर ती ७५ च्या आसपास स्थिरावते. शिकणं ते एवढंच! परीक्षा मात्र न पाहिलेल्या फळांवरच घ्यायची. फोटोंवरून शिकवताना सगळी लिंबं हिरव्या क्रेटमध्ये असतील, तर मॉडेल फळाऐवजी क्रेटच ओळखू लागतं आणि त्यातली मोसंबीही बिनदिक्कत लिंबू ठरवतं.