पेनच्या खिडकीतला आकडा

आयव्हीएफ करताना सगळं केसपेपरवर लिहिलेलं असतंच, मग घरी वेगळी नोंद कशाला, असं बहुतेक जोडप्यांना वाटतं. हा समज चुकीचा आहे आणि त्याचं कारण उपचाराच्या पद्धतीतच आहे. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बीजवाढीची इंजेक्शनं सुरू होतात आणि साधारण नऊ ते बारा दिवस रोज ठरलेल्या वेळी पोटाच्या त्वचेखाली घेतली जातात, त्यातली बरीचशी घरीच. केसपेपरवर असतो तो सांगितलेला डोस. त्यातलं किती औषध अंगात गेलं आणि किती वाजता, हे फक्त टोचणाऱ्याला ठाऊक असतं. डॉक्टर मात्र सोनोग्राफीत दिसणारी वाढ त्या सांगितलेल्या डोसशी ताडून पुढचा निर्णय घेतात. म्हणजे हिशेबाची एक बाजू दवाखान्यात आणि दुसरी घरच्या फ्रिजपाशी. दोन्ही एकाच कागदावर, तारीख आणि वेळ लावून आल्याशिवाय हा हिशेब जुळतो की नाही हे कळायला मार्गच नाही.

एक काल्पनिक, पण सहज घडू शकेल असं चक्र घेऊ. डोस रोज २२५ युनिट, औषध ३०० युनिटच्या पेनमध्ये. पहिल्या दिवशी २२५ गेले, पेनमध्ये ७५ उरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा २२५ वर चकती फिरवून टोचलं, पण खिडकीतला आकडा शून्यावर न येता १५० वर अडकला. अशा पेनमध्ये हा आकडा गेलेल्या औषधाचा नसतो. तो अजून घ्यायच्या राहिलेल्या औषधाचा असतो, आणि तेवढं लगेच नव्या पेनमधून घ्यायचं असतं. पण ‘पेन संपलं म्हणजे डोस झाला’ असं समजून कुणी ते टाकून दिलं आणि तिसऱ्या दिवशी नवं उघडलं, तर दिवसाआड १५० युनिट कमी पडत राहतात. सहा डोसांनंतर अंगात १३५० जायला हवेत, तिथे जेमतेम ९०० गेलेले असतात. सातव्या दिवशी सकाळी सोनोग्राफीत सगळ्यात मोठं फॉलिकल १० मिलिमीटरचं, बाकीची ८–९ ची, आणि रक्तातलं इस्ट्रॅडिओलही कमी. केसपेपर सांगतो, ‘रोज २२५, तरी प्रतिसाद मंद.’ डोस वाढतो. त्याहून वाईट म्हणजे ‘या बाईंची बीजं औषधाला दाद देत नाहीत’ हा शिक्का पुढच्या चक्रापर्यंत सोबत राहतो. घरच्या नोंदीत प्रत्येक डोसापुढे ‘खिडकीत उरले’ असा एक आकडा असता, किंवा रिकाम्या पेनांची मोजणी असती, तर तीन रिकामी पेनं बघूनच लक्षात आलं असतं. तोवर चार रिकामी होऊन पाचवं अर्धं व्हायला हवं होतं.

दुसरा समज फॉलिकलच्या मापाबद्दल आहे. ‘१८ झालं की तयार’ हे वाक्य प्रतीक्षाकक्षात सतत ऐकू येतं. वस्तुस्थिती अशी की ट्रिगरचा निर्णय सहसा एका फॉलिकलवर होत नाही. किमान दोन-तीन फॉलिकल १७–१८ मिलिमीटरपर्यंत पोचली का आणि त्यांच्यामागचा गट कुठे आहे, हे पाहिलं जातं. शिवाय ते माप दोन व्यासांची सरासरी असतं आणि मोजणारा हात बदलला की मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं. एकट्या आकड्यापेक्षा वाढीचा वेग जास्त सांगतो. चांगल्या चालीत फॉलिकल दिवसाला साधारण दीड ते दोन मिलिमीटर वाढतं. वरच्याच उदाहरणात चूक सुधारली आणि नवव्या दिवशी १३, अकराव्या दिवशी १६.५ आलं, तर चाल ठीक आहे. दोन दिवसांत अर्धाच मिलिमीटर दिसला, तर मोजणारा बदलला होता की डोस चुकला होता, हे आधी पाहायचं. दिवस मोजतानाही घोळ होतो. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली असेल, तर इंजेक्शनचा सहावा दिवस म्हणजे पाळीचा सातवा. मोठं फॉलिकल १२–१४ चं झालं, किंवा इंजेक्शनचा पाचवा-सहावा दिवस आला, की बीज अवेळी फुटू नये म्हणून दुसरं इंजेक्शन जोडतात. तिथे हा एका दिवसाचा फरक महागात पडू शकतो. नोंदीत तारीखच लिहावी, दिवसाचा क्रमांक तिच्या शेजारी.

संप्रेरकांच्या आकड्यांवर एक आक्षेप रास्त आहे. एश्रे या युरोपीय प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनुसार सोनोग्राफीच्या जोडीला इस्ट्रॅडिओल नेहमीच तपासायची बहुधा गरज नाही. मग तो रकाना कशाला? तपासणी झाली नसेल तर रिकामा राहू द्यावा, त्यात काही बिघडत नाही. पण झाली असेल, तर आकडा एकटा लिहू नये. एकक लिहावं, कारण मिलिलिटरमागे १८०० पिकोग्रॅम म्हणजेच परदेशी अहवालातले लिटरमागे सुमारे ६६०० पिकोमोल. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातून उपचार अर्धवट ठेवून पुण्या-मुंबईत आलेल्यांच्या फाइलीत दोन्ही सापडू शकतात. सोबत घेतलेल्या गोळ्या लिहाव्यात. लेट्रोझोल चालू असेल तर इस्ट्रॅडिओल मुळातच कमी येतं. केसांसाठी घेतलेलं जास्त मात्रेचं बायोटिन काही यंत्रांवर इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉन खोटं वाढवून दाखवतं, तर एलएच खोटं कमी. ट्रिगरच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन दीड नॅनोग्रॅमच्या वर गेलं, तर बरेच डॉक्टर ताजा गर्भ न सोडता गोठवून ठेवतात. एवढा मोठा निर्णय केसांच्या गोळीमुळे होऊ नये.

‘नोंद ठेवल्याने काळजी वाढते, माणूस स्वतःच डॉक्टर होतो’ असंही म्हणतात. काळजी वाढू शकते, हे मान्य. पण ही नोंद डोस ठरवण्यासाठी नाही. तिच्यात फक्त जे घडलं तेच उतरवायचं. त्याचा अर्थ लावणं डॉक्टरांचं काम. आणि एक नोंद अशी आहे की जिच्याविना निर्णयच होत नाही. ती म्हणजे ट्रिगरची वेळ.

ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. फार आधी काढली तर ती कच्ची असतात, फार उशीर केला तर फुटून गेलेली. बुधवारी सकाळी साडेअकराला पिकअप असेल, तर ३५ तास आधीची वेळ म्हणजे मंगळवारचे ००:३०. आपल्या बोलण्यात ती सोमवारची रात्र, कारण आपला दिवस उजाडल्यावर बदलतो. मेसेजमध्ये ‘मंगळवार, रात्री साडेबारा’ आलं की घरातले मंगळवारी जेवणं उरकून, रात्री जागून टोचतात आणि पिकअपला उरतात अकरा तास. म्हणून नोंद अशी हवी: ‘१३ तारीख संपून १४ लागताना, ००:३०.’ औषधाचं नावही हवं. काही वेळा, विशेषतः अंडाशय फार सुजण्याचा धोका असला की, एचसीजीऐवजी वेगळं ट्रिगर देतात आणि दुसऱ्या दिवशीची रक्ततपासणी त्यानुसार बदलते. एचसीजी पावडर आणि पाणी अशा दोन कुप्यांत येत असेल, तर पावडर मिसळल्याची खूण करावी. नुसतं पाणी टोचलं गेल्याच्या चुकाही होतात. पुढे बीज मिळालं नाही, तर ट्रिगर खरंच अंगात गेलं का, हाच पहिला प्रश्न येतो, आणि रक्तात एचसीजी सापडलं नाही तर काही वेळा पुन्हा ट्रिगर देऊन पिकअप नव्याने ठरवता येतं. वेळ चुकली असेल, तर चुकलेलीच वेळ मिनिटासकट लिहावी आणि त्याच क्षणी दवाखान्यात फोन करावा. खरी वेळ रात्रीच कळली, तर सकाळचं पिकअप पुढे ढकलता येतं.