विश्लेषण : दहावीच्या पुस्तकातला ‘डोळा’ किती अचूक पाहतो?

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातील ‘द ह्यूमन आय अँड द कलरफुल वर्ल्ड’ हे प्रकरण सीबीएसई शाळांतील विद्यार्थी दरवर्षी अभ्यासतात. चष्म्याचा नंबर कसा ठरतो, तारे का लुकलुकतात, आकाश निळे का, अशा रोजच्या अनुभवातल्या गोष्टी त्यात आहेत. प्रकरण लोकप्रिय आहे आणि बहुतांश माहिती बरोबरही आहे. मात्र त्यातले काही आकडे आणि विधाने याच प्रकरणात शिकवलेल्या नियमांवर तपासली, तर टिकत नाहीत.

चष्म्याच्या गणितात अडचण काय?

स्वाध्यायातील एक उदाहरण असे आहे : एका व्यक्तीला दूरचे पाहण्यासाठी उणे ५.५ डायॉप्टरचे आणि जवळचे पाहण्यासाठी अधिक १.५ डायॉप्टरचे भिंग लागते. दोन्हींचे नाभीय अंतर काढा. १०० ला नंबराने भागले की सेंटिमीटरमध्ये उत्तर मिळते. पहिल्या भिंगाचे सुमारे १८ आणि दुसऱ्याचे सुमारे ६७ सेंटिमीटर. गुण मिळतात आणि विषय संपतो.

आता हा चष्मा घालणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. दूरचा नंबर उणे ५.५ म्हणजे चष्म्याविना त्याला जास्तीत जास्त १८ सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. याचा दुसरा अर्थ असा की, चष्मा काढून पुस्तक १८ सेंटिमीटरवर धरले तर तो आरामात वाचू शकतो. मोठा उणे नंबर असलेली अनेक वयस्क माणसे वाचताना चष्मा कपाळावर सरकवतात, ती यामुळेच. अशा माणसाला वाचनासाठी अधिक १.५ चे भिंग दिले तर काय होईल? २५ सेंटिमीटरवरच्या पुस्तकाची प्रतिमा त्या भिंगामुळे ४० सेंटिमीटरवर तयार होईल. त्याचा डोळा तर १८ सेंटिमीटरच्या पलीकडचे स्पष्ट पाहू शकत नाही. म्हणजे या चष्म्याने अक्षरे अधिकच पुसट होतील.

योग्य नंबर काढणे अवघड नाही. वयामुळे डोळ्याची समायोजन शक्ती पूर्ण गेली असे धरले, तरी २५ सेंटिमीटरवर वाचण्यासाठी दूरच्या नंबरात ४ डायॉप्टर मिळवावे लागतात. उणे ५.५ मध्ये ४ मिळवले की उणे १.५ येतात. आकडा तोच, चिन्ह उलटे. द्विनाभीय चष्म्याचा वरचा भाग अंतर्वक्र आणि खालचा बहिर्वक्र असतो, असे याच प्रकरणात सांगितले आहे. दूरचा नंबर उणे १ असेल तर ते खरे ठरते, कारण त्यात २.५ मिळवले की अधिक १.५ येतात. उणे ५.५ च्या माणसाला मात्र हे लागू होत नाही.

आकाश निळे का? स्पष्टीकरण कुठे अडखळते?

हवेतील रेणू आणि बारीक कण लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश जास्त विखुरतात, हे पुस्तकातील कारण बरोबर आहे. त्याला जोडून, लाल प्रकाशाची तरंगलांबी निळ्याच्या सुमारे १.८ पट असते, असे वाक्य येते. हे तपासण्यासाठी निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर धरू. तिची १.८ पट म्हणजे ८१० नॅनोमीटर. हा प्रकाश अवरक्त असतो, तो डोळ्याला दिसत नाही. लाल रंग साधारण ७०० नॅनोमीटरचा, म्हणजे निळ्याच्या दीडपटीहून थोडा अधिक. १.८ च्या जवळ जाणारे गुणोत्तर लाल आणि जांभळ्या रंगाचे आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा आकडा पुढे कशासाठीच वापरलेला नाही. इतक्या लहान कणांकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे तरंगलांबीतला दीडपटीचा साधा फरक विकिरणात जवळपास सहापट होतो. ही पायरी गाळल्याने, ‘तरंगलांबी इतकी, म्हणून आकाश निळे’ यातला ‘म्हणून’ विद्यार्थ्याला पाठच करावा लागतो.

भाषेची पातळी इथेच कळते. वाक्ये छोटी आहेत, शब्दही सोपे आहेत. पण तरंगलांबीची ओळख नववीत ध्वनीच्या प्रकरणात झालेली असते आणि दहावीचा प्रकाश बहुतांशी सरळ रेषेतल्या किरणांनी शिकवला जातो. निळ्या किंवा लाल रंगाची तरंगलांबी किती, हे माहीत नसताना मुलांसमोर एकदम त्यांचे गुणोत्तर येते.

धुक्यात लाल दिवा खरेच दिसतो?

धोक्याचा दिवा लाल असतो, कारण धुके आणि धूर लाल प्रकाश सर्वांत कमी विखुरतात, असे प्रकरण सांगते. त्याआधी टिंडल परिणाम समजावताना हेच प्रकरण म्हणते की कण पुरेसे मोठे असतील तर विखुरलेला प्रकाश पांढरा दिसू शकतो. धुक्यातील थेंब साधारण १० मायक्रोमीटरचा, म्हणजे लाल प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहापटीहून मोठा असतो. तो सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतो, म्हणून धुके पांढरे दिसते. अतिशय बारीक कणांचा धूर असेल किंवा निरभ्र हवेत दूरवरून पाहायचे असेल, तर लाल रंगाला फायदा मिळतो. दाट धुक्यात तो मिळत नाही. उत्तर भारतात हिवाळ्यात दाट धुके पडले की सिग्नल जवळ आल्याची सूचना चालकाला मिळावी म्हणून रेल्वे रुळावर आवाज करणारे फटाके लावते.

आकृत्यांचे काय?

सूर्योदयाच्या आकृतीत सूर्याची खरी आणि भासमान जागा ठळक अंतराने वेगळी दाखवली आहे. अपवर्तनामुळे सूर्य सुमारे २ मिनिटे आधी दिसतो, हे मजकुरातील विधान मात्र योग्य आहे. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, म्हणजे २ मिनिटांत अर्धा अंश. सूर्यबिंबाची रुंदीही जवळपास तेवढीच असते. आकृतीतले अंतर समजण्यासाठी वाढवलेले आहे आणि प्रत्यक्षात सूर्य एका बिंबाएवढाच वर उचललेला दिसतो, हे शिक्षकांनी सांगायला हवे.

स्वाध्याय काय तपासतात?

सुरुवातीचे चारही बहुपर्यायी प्रश्न पाठांतराचे आहेत : प्रतिमा कुठे पडते, स्पष्ट दृष्टीचे लघुतम अंतर किती, वगैरे. त्यापुढची गणिते सूत्रात आकडे घालून सुटतात. विकिरणावर उरलेला प्रश्न एकच, अंतराळवीराला आकाश काळे का दिसते. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना उगवत्या आणि मावळत्या सूर्याच्या रंगाचा भाग वगळण्यात आला. निळ्या आकाशाचे कारण खरोखर समजले आहे का, हे तपासण्याची सर्वांत सोपी संधी त्याबरोबर गेली.

दुरुस्तीसाठी प्रकरण नव्याने लिहायची गरज नाही. आकाश निळे असताना ढग पांढरे का, उणे ५.५ नंबरचा माणूस चष्म्याविना किती अंतरावर वाचू शकेल आणि त्याला अधिक १.५ चे भिंग चालेल का, असे दोन-तीन प्रश्न शिक्षकांना आजही वर्गात विचारता येतील. उत्तरासाठी लागणारे बहुतेक सगळे नियम याच प्रकरणात आहेत.