ब्लीचपुढे न हटणारा लाल

काळे किंवा गडद तपकिरी केस ब्लीच करायला घेतले की थोड्या वेळात ते लालसर दिसू लागतात, मग केशरी होतात. पाहणाऱ्याला वाटते की ब्लीचने केसांवर हा रंग चढवला. खरे तर ब्लीच रंग चढवत नाही, फक्त काढते. तो केशरी रंग केसातच होता, गडदपणाखाली दडलेला. ज्यांचे केस जन्मतः लाल असतात त्यांच्याकडे हा दडलेला भाग सर्वांत जास्त असतो. म्हणून ब्लीचचे काम नेमके कसे चालते हे लाल केसांवर सर्वांत स्पष्ट दिसते.

केसांचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो आणि त्याचे दोन प्रकार असतात. युमेलॅनिन काळे-तपकिरी असते, फिओमेलॅनिन लालसर-पिवळे. आपल्या काळ्या केसांत पहिल्याचे राज्य असते. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये बऱ्याच लोकांचे केस तांबडे असतात, त्यांच्यात दुसऱ्याचे प्रमाण मोठे असते. १९९५ साली संशोधकांनी याचा संबंध एमसी१आर नावाच्या जनुकाशी जोडला. या जनुकाच्या काही रूपांमुळे रंगपेशी युमेलॅनिन कमी आणि फिओमेलॅनिन जास्त बनवतात.

ब्लीचच्या पावडरीत परसल्फेट क्षार आणि अल्कली असतात. तिच्यात मिसळायचे डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. पार्लरमधले २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ टक्के. अल्कलीमुळे केस फुगतो, पेरॉक्साइड आत शिरते आणि मेलॅनिनचे मोठे रेणू तोडते. युमेलॅनिन या माऱ्यापुढे तुलनेने लवकर मोडते. फिओमेलॅनिन गंधकयुक्त घटकांपासून बनलेले असते आणि जास्त काळ तग धरते. त्यामुळे तपकिरी छटा आधी जाते आणि तांबूस मागे उरते.

याला प्रकाशाचीही जोड आहे. मेलॅनिन निळा-जांभळा प्रकाश जास्त शोषते आणि लाल प्रकाश कमी. ते भरपूर असले की सगळाच प्रकाश गिळला जातो आणि केस काळा दिसतो. ते कमी होत गेले की सर्वांत आधी लाल प्रकाश निसटतो, मग केशरी, मग पिवळा. म्हणूनच फिओमेलॅनिन फारसे नसलेले काळे केससुद्धा लाल, केशरी आणि पिवळा याच क्रमाने उजळतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. केस खांद्यापर्यंत, नैसर्गिक तांबडे, आधी कधीच न रंगवलेले. पार्लरच्या मोजपट्टीत १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. त्यावर हे केस साधारण ६ वर येतात. ३० ग्रॅम पावडरीत २० व्हॉल्यूमचे ६० मिलिलिटर डेव्हलपर मिसळले. मिश्रण आधी केसांच्या मध्यावर आणि टोकांना लावायचे, मुळाशी दोनेक सेंटीमीटर जागा सोडायची आणि तिथे शेवटी लावायचे. डोक्याच्या उबेमुळे मुळांशी ब्लीच वेगाने चढते, म्हणून हा क्रम.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत गोंधळात टाकणारी गोष्ट घडते. केस फिके होण्याऐवजी आणखी भडक दिसू लागतात. तपकिरी छाया निघून गेलेली असते आणि खालचा तांबूस उघडा पडलेला असतो. पुढे हा रंग उजळ गाजरी केशरी होतो आणि तिथे बराच वेळ रेंगाळतो. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. कुणी ४० व्हॉल्यूम वापरायला निघते, कुणी वरून उष्णता देते. त्याने रंग थोडा पुढे सरकतो, पण केसांची हानी त्याहून वेगाने होते.

त्यानंतर येते जर्दाळूसारखी पिवळसर केशरी छटा. पहिल्या बैठकीत अनेकदा इथपर्यंतच मजल जाते, कारण साधारण पाऊण तासात मिश्रणाचा जोर ओसरतो. केस किती उजळले हे ब्लीचच्या थरावरून कधीच कळत नाही. ओल्या कापडाने एक बट पुसून, ती कोरडी करून, उजेडात बघावी लागते. मग केस धुऊन काही आठवडे थांबायचे आणि दुसऱ्या बैठकीत पुढची वाट धरायची: सोनेरी पिवळा, मग स्वच्छ पिवळा, मग केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिका पिवळा. थांबायचे ते इथेच. केराटिन, म्हणजे केसाचे प्रथिन, स्वतःच किंचित पिवळसर असते. त्यापलीकडे पांढऱ्याच्या मागे लागणे म्हणजे रंग काढणे नव्हे, केसच झिजवणे. ओली बट हलकेच ताणली आणि ती रबरासारखी लांबून परत आलीच नाही, किंवा बोटांना चिकट लागली, तर ब्लीच लगेच धुऊन टाकावे.

मधल्या केशरीवर टोनर मारून काम भागवता येईल का, हा प्रश्न नेहमी येतो. टोनर केस उजळवत नाही, तो फक्त विरुद्ध रंग टाकून उरलेली छटा दाबतो. पिवळ्याला जांभळा दाबतो, केशरीला निळा. जांभळा शाम्पू गाजरी केसांवर जवळपास निरुपयोगी ठरतो, तो यामुळेच. निळा टोनर मारला तर केशरी दबते खरे, पण हाती लागतो फिका तपकिरी, सोनेरी नव्हे. सोनेरी हवे असेल तर केशरीची पायरी ब्लीचनेच ओलांडावी लागते.

आपल्याकडे जन्मतः लाल केस विरळा. पण मेंदीने लाल झालेले केस घरोघरी दिसतात, आणि ते ब्लीचपुढे त्याहूनही हट्टी असतात. मेंदीतले लॉसोन हे द्रव्य केराटिनला घट्ट जोडले जाते. ब्लीच त्याखालचे मेलॅनिन काढते, पण लॉसोनचा केशरी बराचसा तसाच राहतो. त्यामुळे केस भडक नारिंगीवर अडकतात. मेंदीबरोबर नीळ लावलेली असेल तर हिरवट छटाही उमटू शकते.

धोका मात्र वेगळ्याच गोष्टीत आहे. काही तयार मेंदी-पावडरी आणि केस काळे करणाऱ्या उत्पादनांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइड लागताच ते तापतात, कधी वाफ येते आणि केस जागच्या जागी तुटतात. यावर उपाय सोपा आहे. कंगव्यात आलेले केस गोळा करून काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि त्यात अमोनियाचे वीसेक थेंब घालावेत, केस त्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत. वाटी गरम झाली, फेस उसळला, उग्र वास आला किंवा केसांचा रंग क्षणात बदलला, तर त्या डोक्याला ब्लीच लावू नये. काहीच झाले नाही तरी लगेच निःशंक होऊ नये, कारण चांदीच्या क्षारांवर असा परिणाम दिसत नाही. केसांचा रंग जराही बदलला नाही, तर तोही इशाराच समजावा.

मेंदी शुद्ध निघाली तरी एका बटेवर आधी प्रयोग करून पाहावा. ती नारिंगीवरच थांबली तर उरलेले मार्ग दोनच: वरून तपकिरी रंग लावून गडद तांब्यावर समाधान मानायचे, किंवा मेंदी बंद करून केस वाढू द्यायचे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे तीस सेंटीमीटर लांबीचे मेंदीचे केस कापून पूर्ण निघायला अडीच वर्षे लागतात, आणि तोवर ब्लीच फक्त मुळाकडच्या नव्या केसांनाच लावायचे.